भिंतीवरची पाच बोटं

माझी लेक काजल दुपारी झोपली की मला साधारण एक तास मिळतो. त्या तासात मी वामनरावांना पत्र लिहायला बसले. पंख्याची कुरकुर चालू होती, आणि काजल थोडी जरी हलली तरी माझा पेन थांबत होता.

चिखलीत आम्ही तीन वर्षं वामनरावांच्या घरी वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिलो. माझ्या नवऱ्याला, हर्षलला, खामगावच्या तेलगिरणीत काम लागलं म्हणून घर सोडलं. वीस हजार डिपॉझिट होतं. परत आले अकरा हजार चारशे, आणि सोबत एक चिठ्ठी: रंगकाम पाच हजार, पाण्याच्या मोटरची दुरुस्ती अठराशे, गॅलरीची फरशी एक हजार, जाळीचा दरवाजा आठशे. इथल्या नव्या घराचं डिपॉझिट अर्धंच दिलंय. बाकीचे एक तारखेपर्यंत दिले नाहीत तर घरमालक दुसरा भाडेकरू पाहणार. फोन केला, तर वामनराव म्हणाले, "तोंडी हिशेब मी ऐकत नसतो. लिहून पाठव." बियाण्याचं दुकान चालवलेला माणूस, त्यांना कागदच लागतो.

मी लिहिलं:

'आदरणीय काका, नमस्कार. जाळी काजलनं फाडली, ते आठशे मान्य आहेत. फरशी आम्ही येण्याआधीच तडकलेली होती. पहिल्या दिवशी मी तुम्हाला फोटो पाठवला होता, तो सोबत जोडते. मोटर खालच्या-वरच्या दोन्ही बिऱ्हाडांची, आणि करारनाम्यात तिची दुरुस्ती मालकाकडे आहे. रंग तीन वर्षांत वापरानं जातोच. तरी काम झालं असेल तर बिल दाखवावं. म्हणजे वीस हजारांतून आठशे वजा, देणं एकोणीस हजार दोनशे. मिळाले अकरा हजार चारशे. बाकी सात हजार आठशे. आपली, अपेक्षा.'

हर्षल जेवायला घरी आला तेव्हा त्यानं वाचलं. "आणि भिंतीवरच्या डागाचं काऊन नाही लिहिलं? त्याच्यासाठीच तर रंग कापला ना त्यांनी?"

"नाही लिहिणार."

"अगं, तो डाग कोणी केला? गीताकाकूनं! त्यायच्याच बायकोनं!"

खरं होतं. काजल झाली तेव्हा माझ्या आईचा पाय मोडलेला, ती येऊ शकली नव्हती. पाचवीच्या दिवशी गीताकाकू वर आल्या. पाटा मांडला, सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवला. मग हळदीकुंकवात बुडवलेली पाच बोटं पाळण्यामागच्या भिंतीवर उमटवली. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "रडू नको व पोरी, तुही माय येईलोक मी हाये ना." ती बोटं मी हिशेबात कशी घालू?

पत्र स्पीड पोस्टानं गेलं. नंतर मला काही सुचेना. पोळी तव्यावर करपली. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे.

तिसऱ्या दिवशी वामनरावांचा फोन आला. कोणताही कागद ते मोठ्यानं वाचतात, हे मी विसरलेच होते.

"काकूले वाचून दाखवलं तुहं पत्र," ते नाराजीनं म्हणाले. "तवापासून मले जेवू देऊन नाही राह्यली. घे, तिच्याशीच बोल."

"काय व अपेक्षा!" गीताकाकूंचा आवाज चढलेला. "माह्या हाताची बोटं कागदावर लिहाले तुले लाज वाटली काय?"

"नाही हो काकू. त्याचे पैसे मागायचे, म्हणून..."

"पैसे त्यायनं मागतले, तू नाही! आन् रंग कुठी देल्ला यायनं? पेंटर आला होता, मीच परत धाडला. म्हटलं, पोरीची पाचवी हाये त्या भिंतीवर, पुसाची नाही."

मागून वामनराव पुटपुटले, "पुढचा भाडेकरू काय म्हणन?"

"कॅलेंडर लावन थो! न झालेल्या कामाचे पैसे कापता? दुकानात असे कापत होते काय?"

मग वामनराव परत फोनवर. "रंगाचे पाच आन् फरशीचा एक. सहा हजार आज टाकतो. मोटरचं मात्र मी मानत नाही. पाणी तुम्ही बी वापरलं."

"करारनाम्यात आहे, काका."

"कोणतं कलम थे लिहून पाठव."

संध्याकाळी सहा हजार आले. अठराशे अजून हवेत, आणि एक तारीख जवळ आलीय. काजल झोपलीय, मूठ गालाखाली. करारनाम्यातलं कलम शोधून ठेवलंय. पण कागदाची पहिली ओळ मी वेगळी लिहिली: 'काका, हे काकूंनाही वाचून दाखवा. त्यांच्या बोटांची भिंत दाखवायला काजलला एकदा आणायचं आहे.' मग खाली मोटरचं सुरू केलं. तेवढ्यात काजल हलली.