जुन्या अभ्यासक्रमाचं एकुलतं पाकीट

मुख्याध्यापकांचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि भौतिकशास्त्राच्या बाई एका रात्रीत बोर्डाच्या परीक्षेच्या केंद्रसंचालक झाल्या. घाबरण्याऐवजी त्यांना उत्साहाचं भरतं आलं होतं. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, की परीक्षा मुलांची आहे, तू कशाला जागतेस.

त्याची थोरली बहीण, म्हणजे बाईंची नणंद, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत वर्षानुवर्षं हेच काम करत आली होती. तिच्या केंद्रावर कधी सुई इकडची तिकडे झाली नाही, हे सासरी सगळ्यांना तोंडपाठ होतं. तिने रात्री आवर्जून फोन करून सांगितलं होतं, की प्रश्नपत्रिका ठेवतात त्या कस्टडीत घोळ घालत बसू नकोस, पाकिटांचा आकडा जुळला की सही कर आणि निघ, उशीर झाला की सगळं अंगावर येतं.

सकाळी बाई कस्टडीत पोहोचल्या तेव्हा नणंद आपली पेटी घेऊन कधीच निघून गेली होती. जुन्या ग्रंथालयाची लोखंडी दाराची खोली, बाहेर बंदूकवाला पोलीस, आत लांबलचक टेबल. कस्टडीचे साहेब प्रत्येक केंद्राची सीलबंद पाकिटं मोजून देत होते. बाईंच्या यादीत चौदा पाकिटं होती आणि टेबलावरही चौदाच आली. साहेबांनी पेन पुढे केलं. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला.

बाईंनी पेन घेतलं, पण टोपण काढलं नाही. पहिल्यांदाच हातात आलेलं काम, त्यांना ते चवीचवीने करायचं होतं. एकेक पाकीट उचलून त्या सील दाबून बघत होत्या, कडा निरखत होत्या, लेबलवरचा विषय, तारीख आणि सत्र यादीशी ताडून खूण करत होत्या. तेरा जाडजूड पाकिटं नव्या अभ्यासक्रमाची, ती बरोबर निघाली. राहिलं एक पातळ पाकीट, आत एकच प्रश्नपत्रिका. सील शाबूत, तारीख आजची, विषयही तोच. पण लेबलवर छापलं होतं, नवा अभ्यासक्रम. यादीत मात्र चौदाव्या ओळीत लिहिलं होतं, जुना अभ्यासक्रम, परीक्षार्थी एक.

बाईंनी यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी पुन्हा वाचलं आणि पाकीट साहेबांसमोर सरकवलं.

"साहेब, आकडा बरोबर आहे. पाकीट माझं नाही."

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. त्यांनी रवानगीचे सगळे कागद टेबलावर पसरले. पातळ पाकिटं त्या दिवशी दोनच होती. एक बाईंचं आणि दुसरं नव्या अभ्यासक्रमाचं, पंचवीस-पंचवीसची पाकिटं भरून तीनशे एकावा परीक्षार्थी उरलेल्या केंद्राचं. ते केंद्र नणंदेचं. दोन्ही पाकिटांची अदलाबदल झाली होती. साहेबांनी फोन लावला, पण नियमाप्रमाणे नणंदेचा मोबाइल तिच्या कपाटात कुलूपबंद असणार. तो वाजून वाजून थांबला.

साहेब भले माणूस. त्यांनी चूक झटकली नाही. पातळ पाकीट त्यांनी लेखी परत घेतलं, बाईंकडून तेरा पाकिटांचीच पावती घेतली आणि जीप काढायला सांगितलं. ते स्वतः पोलीस घेऊन आधी नणंदेकडे जाणार, तिथे अदलाबदल करून मग बाईंकडे येणार होते; तसा निरोप त्यांनी नणंदेच्या शाळेत फोन करून शिपायाकडे ठेवला.

बाई केंद्रावर आल्या त्या जवळजवळ धावतच. फाटक उघडलं होतं, भिंतीवरच्या आसनव्यवस्थेपुढे झुंबड उडाली होती. जुन्या अभ्यासक्रमाच्या एकमेव परीक्षार्थीला त्यांनी लगेच ओळखलं. चाळिशीच्या शिलाईवाल्या काकू होत्या त्या, कॉलरला टोचलेली टाचणी काढायची राहून गेली होती. नापास झाल्यावर संसारात अडकलेल्या काकूंची ही शेवटची संधी होती, कारण पुढच्या खेपेपासून जुना अभ्यासक्रम बंद होणार होता. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. पाकीट वाटेत आहे, उशीर झाला तर तेवढा वेळ वाढवून मागू, तोवर उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक शांतपणे लिहा. काकूंनी मान हलवली.

पर्यवेक्षक कोऱ्या उत्तरपत्रिका अनुक्रमांक बघून मोजून घेत होते तेवढ्यात कार्यालयातला फोन वाजला. नणंद होती. तिला आपल्या टेबलावर जुन्या अभ्यासक्रमाचं पाकीट सापडलं होतं आणि तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"अगं, तुझं पाकीट माझ्याकडे आलंय. जीप अजून आलेली नाही. मी ह्यांना स्कूटरवर पाठवते, वीस मिनिटांत तुझ्या फाटकाशी. कुणाला कळायचंही नाही."

वीस मिनिटं. बाईंच्या डोळ्यांसमोर टाचणी टोचलेली कॉलर आली. हो म्हणणं किती सोपं होतं. आणि थोरल्या नणंदेला नाही म्हणायची सवय बाईंना लग्नापासून नव्हती.

"ताई, नको," त्या म्हणाल्या. "ते पाकीट नोंदीशिवाय बाहेर पडलं तर सील शाबूत असूनही उपयोग नाही. उद्या कोणी बोट दाखवलं की त्या काकूंचा पेपर रद्द होईल. साहेब येताहेत, त्यांच्याच हातात द्या. सही घेऊन."

मग नणंद कोरडेपणाने ठीक आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

पाकिटं फोडायची वेळ झाली. प्रत्येक खोलीत दोन परीक्षार्थींना सील दाखवून, त्यांच्या सह्या घेऊन पाकिटं कापली गेली. घंटा झाली. सगळी शाळा एकदम वाकून लिहायला लागली आणि शेवटच्या खोलीत काकू कोऱ्या उत्तरपत्रिकेवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. बाई जिन्यात उभ्या होत्या, एक कान फाटकाकडे, एक डोळा घड्याळाकडे.

जीपचा हॉर्न कानावर आला तेव्हा त्या दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेल्या. साहेब घामाघूम झाले होते, पण पाकीट हातात होतं. वाटेतून त्यांनी मंडळाच्या कार्यालयात कळवून वाढीव वेळेची परवानगीही मिळवली होती. बाईंनी लेबल मोठ्याने वाचलं. जुना अभ्यासक्रम. तारीख, सत्र, प्रत एक, सील शाबूत. आता पेनाचं टोपण निघालं आणि सही झाली.

काकूंनी पाकीट उलटसुलट करून सील पाहिलं, स्वतः सही केली, आणि प्रश्नपत्रिका हातात पडताच पहिला प्रश्न वाचून त्या चक्क हसल्या. बाईंना तिथेच नाचावंसं वाटलं. त्यांनी फक्त उपस्थितीपत्रकावर सुरुवातीची खरी वेळ लिहिली आणि आवाज न करता खोलीबाहेर आल्या.

पेपर संपल्यावर हजेरीवरच्या सह्या, जमा झालेल्या उत्तरपत्रिका, गैरहजर आणि उरलेल्या कोऱ्या प्रती, सगळं एकमेकांशी ताडलं गेलं. काकूंची एकटी उत्तरपत्रिका वेगळ्या पाकिटात गेली. त्यावर सील मारताना बाईंचा हात जरा जास्तच जोरात पडला.

गठ्ठे जमा करायच्या रांगेत नणंद पुढेच उभी होती. बाई मागे जाऊन गुपचूप उभ्या राहिल्या. नणंदेने वळून न बघता एक कागद मागे दिला. तिच्या नेहमीच्या ठसठशीत अक्षरात अहवाल होता, लेबल न वाचता केवळ आकडा जुळवून सही केली, चूक माझी.

"वाचून बघ," ती म्हणाली. "काही राहिलंय का?"

बाईंनी शेवटपर्यंत वाचून कागद परत दिला. काही राहिलं नव्हतं.

"आणि त्या काकूंचा पेपर?"

"दोन पुरवण्या घेतल्या त्यांनी," बाई म्हणाल्या.

नणंदेने आता मान वळवली. तिचे डोळे लकाकत होते. "दोन?" ती म्हणाली, आणि रांग पुढे सरकली तरी दोघी तिथेच उभ्या राहून बोलत राहिल्या.