टोरीचं तेल

बावीस वर्षांत मनकर्णा भासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे पदर खाली आणि तोंड बंद, ही घराची रीत. काही सांगायचं तर नवऱ्याला, मुखरूला. तो चार पावलं चालून भावाला सांगे.

भासरा लटारू गावचा वैदू.

लग्नाघरचे वडे, मटणाचा रस्सा खाल्ला, की तासाभरात मनकर्णाच्या उजव्या बरगडीखाली कळ उठे. खांद्याच्या पात्यापर्यंत जाई, दोन-तीन तास पिळून सोडून देई. गडचिरोलीला सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण सईदाबाईंनी पडद्यावर तीन पांढरे ठिपके दाखवले, प्रत्येकामागे काळी सावली. पित्ताच्या पिशवीत खडे. भिंत अजून पातळ, नळी मोकळी. सवडीनं पिशवी काढू, त्या म्हणाल्या, तोवर तेलकट टाळा. पण जर कळ थांबलीच नाही, हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी यायचं.

लटारू हसला. खडा तेलावर घसरतो, म्हणाला. रोज सकाळी वाटीभर टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल. मनगटाला दोरा, आणि पाच दिवस गावची शीव ओलांडायची नाही.

तेल पोटात गेलं की पिशवी आवळे. कळ रोजची झाली. तिसऱ्या दिवशी थांबलीच नाही. चौथ्या सकाळी दात वाजू लागले, डोळ्यांत हळद उतरली.

मुखरू चार पावलं गेला, चार पावलं परत आला. "भाऊ म्हणते, खडा निघून राह्यला. उद्या दोरा सुटते."

मनकर्णा भिंत धरून उठली. ओसरीत लटारूसमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण खाली ओढला नाही. कुडाच्या भिंतीत खोचलेला विळा काढला, मनगटाचा दोरा कापला.

"भाऊ, तुमचा दोरा तुमच्यापाशी ठेवा. मी दवाखान्यात चालली."

लटारू मुखरूकडे बघत म्हणाला, "तिले सांग..."

"मलेच सांगा. मी इथीच आहो."

मुखरूनं तिची कापडी पिशवी उचलली. बसमध्ये तापाच्या भरात ती गुणगुणत होती:

*गुडघाभर चिखल, रोवते मी धान,*
*माह्या जिवावर नाई कोनाची गं आन.*

गडचिरोलीत या वेळी पडद्यावर भिंत सुजलेली, भोवती पाणी. एक खडा मोठ्या नळीत अडकलेला, नळी फुगलेली.

"खडा घसरला खरा," सईदाबाई म्हणाल्या. "घसरून नळीत बसला. पित्त तुंबलं, त्यात जंतू वाढले. उद्यावर टाकलं असतं, तर हे विष रक्तात पसरलं असतं."

सलाईन, सुईतून औषध, आणि लगेच नागपूर. तिथं तोंडातून नळी घालून खडा काढला, पित्त मोकळं झालं. दोन दिवसांनी ताप उतरला. पिशवी काढायची तारीख मिळाली.

त्या दुपारी लटारू वॉर्डाच्या दाराशी आला. मुखरूला म्हणाला, "तिले विचार, दुखते का."

मनकर्णा उशीवरून बोलली, "मलेच विचारा."

तो चार पावलं चालून खाटेपाशी आला. मग म्हणाला, "दुखते का, बाई?"

"दुखते. पण ते तेल आता कोनाले पाजू नका."