पंचेचाळीसच्या जागी तीस

बासष्ट उत्तरपत्रिकांत उत्तर सतरा लाख आणि एकीत वीस लाख. एरवी मी लाल रेघ ओढून पुढे गेले असते. पण हे वीस लाख माझ्या चांगल्या ओळखीचे होते.

प्रश्न मीच काढलेला. एका कारखान्यात कच्चा माल चाळीस दिवस पडून राहतो, अर्धवट माल पंधरा, तयार माल पंचवीस, आणि गिऱ्हाइकाचे पैसे यायला पन्नास दिवस. एकूण एकशे तीस. त्यातून माल पुरवणारे जितके दिवस उधारीवर थांबतात ते वजा करायचे. वर्षाचा रोख खर्च त्र्याहत्तर लाख, म्हणजे दिवसाला वीस हजार. उरलेल्या दिवसांना त्याने गुणलं की लागणारं खेळतं भांडवल मिळालं.

पहिल्या मसुद्यात पुरवठादार तीस दिवस थांबत होते. शंभर दिवस, वीस लाख. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षीही तीसच होते. पोरं घोकून येतात." म्हणून मी तीसचे पंचेचाळीस केले आणि छापलेही तेच. पंच्याऐंशी दिवस, सतरा लाख.

मग हिला तीस कुठून सुचले? जुना मसुदा जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या घरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. आणि "हिला" मी उगाच म्हणत नाही. नंबर झाकलेला असला तरी पोटात रेघ मारलेला सात मी दोन वर्षं रोज बघतेय. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, शिकायला माझ्याकडेच राहते.

माझं डोकं तापलं. माझ्याच घरात, माझ्याच ड्रॉवरमध्ये हात! आता आठवायला लागलं: परीक्षेच्या आदल्या दिवशी ती टेबलाशी घुटमळत होती, मी आल्यावर "स्टेपलर शोधतेय" म्हणाली. गेला आठवडाभर माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होती. काय भोळी मी!

उत्तरपत्रिका घेऊन तडक विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "चार वाजता समिती बसवू. पेपर फुटल्याचं सिद्ध झालं तर तिचं वर्ष गेलंच, मॅडम. नातं आहे, विचार करा."

"विचार झालाय," मी म्हटलं.

दुपारी घरी आले. ड्रॉवर उघडला. मसुदा होता तिथेच, पण स्टेपलर त्याच्यावर ठेवलेला. माझी खात्रीच पटली. भाची जेवायला बसत होती.

"तीस कुठून आले?" मी दारातूनच विचारलं.

"कुठले तीस, मावशी?"

"नाटकं नकोत. प्रश्नात पंचेचाळीस छापलेत. मसुद्यात तीस होते. तू मसुदा वाचलास."

ती उठली, पिशवीतून प्रश्नपत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. प्रश्नाखालच्या आकड्यांच्या तक्त्याभोवती पेन्सिलने गोल होता.

"वर्षाची उधार खरेदी साडेछत्तीस लाख दिलीय," ती म्हणाली. "दिवसाला दहा हजार. पुरवठादारांचे देणे तीन लाख. भागलं तर तीसच येतात. वर पंचेचाळीस, खाली तीस. वेळ कमी होता, म्हणून मी तक्त्यातल्या आकड्यांवर विश्वास ठेवला. पुरवणीत कारण लिहिलंय, पंचेचाळीस धरले तर सतरा येतील तेही लिहिलंय. पुरवणी वाचलीस ना?"

पुरवणी. मी उत्तर बघितलं आणि उठले होते. पंचेचाळीस करताना खालचे तीन लाख साडेचार करायचे राहून गेले. बासष्ट जणांनी तक्ता बघितला नाही, मी बघितला नाही, विभागप्रमुखांनी बघितला नाही. हिने तेवढा बघितला.

"आईला कळवलंस?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण समितीकडे दिलंय."

तिने ताट बाजूला सारलं. मी चप्पल न काढताच परत फिरले.

समितीसमोर पुरवणी उघडून ठेवली आणि म्हणाले, "चूक माझी. तक्ता बदलायचा राहिला. ही उत्तरपत्रिका सगळ्यांत बरोबर आहे." विभागप्रमुखांनी चष्मा पुसला. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यायचं ठरलं, आणि पुढच्या वर्षी पेपर काढायचं काम माझ्याकडे नाही, हेही ठरलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

घरी आले तेव्हा ताट झाकून ठेवलेलं होतं, तिचं नाही, माझं. टेबलावर ड्रॉवरची किल्ली होती. ती मी कधी वापरतच नव्हते.

"सापडली स्टेपलर शोधताना," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "कुलूप लावत जा, मावशी. म्हणजे माझ्यावर यायचं नाही."

मी किल्ली हातात घेऊन उभी राहिले. मला माफी मागायची होती, पण मी किल्लीच तिच्या पुस्तकावर ठेवली आणि म्हटलं, "तुझ्याकडेच राहू दे."