वाडी कुठची?

विनोद एजंटाने भाड्याच्या खोलीची किल्ली स्नेहलच्या हातात ठेवली, मालकीणबाईंना एक मेसेज टाका म्हणाला आणि सटकला. मालक फारुक मुकादम कतारला. घर सांभाळायच्या त्या त्यांच्या पत्नी हाजराबी, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. आज त्या पालीला लग्नाला गेलेल्या. म्हणजे पहिली ओळख मोबाइलवरच.

स्नेहलने मेसेज लिहायला घेतला, पण पहिल्याच शब्दाला अडली. याआधीच्या दोन खोल्या अशाच हातातून गेल्या होत्या. जाधव म्हटल्यावर लोकांना कळत नाही कुठले जाधव, मग ते गोड आवाजात वाडी विचारतात, कारण वाडीवरून जात कळते. वाडी कळली की त्यांचा पुतण्या अचानक राहायला यायचा असतो.

सवयीने तिने 'जय भीम' लिहिलं, मग पुसलं. पुसल्याचा स्वतःचाच राग आला. शेवटी लिहिलं ते असं:

'नमस्कार काकी. मी स्नेहल सहदेव जाधव, गाव लांजा तालुक्यात. इथे लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आजपासून वरच्या खोलीत एकटीच राहणार. थोडं विचारायचं होतं. पाणी कधी येतं? मी सकाळी लवकर निघते, तर फाटक उघडायचं कसं? कचरा कुठे ठेवू? तुम्हाला भेटायला कधी येऊ?'

मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या, म्हणजे वाचला होता. उत्तर नाही. सामानाच्या खोक्याची सुतळी सोडायचा तिला धीर होईना. परत बांधायला लागली तर?

मग आलं: 'गाव, वाडी कुठची?'

झालं. भलतीच वाडी सांगावी असं एकदा वाटलंही, पण किती दिवस लपवणार? तिने गावाचं नाव लिहिलं आणि पुढे 'बौद्धवाडी'.

बऱ्याच वेळाने हाजराबींचा व्हॉइस मेसेजच आला.

"बाय, पाणी सकाळी येतं, टाकी मी भरते. फाटकाची चावी आमची लेक झरीन देईल. कचऱ्याची पिशवी जिन्याखाली ठेव, गाडी येते. वाडी विचारली ती पोलीस ठाण्यात भाडेकरूचा पूर्ण पत्ता द्यायचा असतो म्हणून. उद्या ये चहाला." मग आवाज जरा उतरला. "एक मीच विचारते. कुणाकडे राहतेस ते घरी सांगितलंस ना? आधीची मुलगी आमचं नाव घरी कळल्यावर आठवड्यात गेली."

स्नेहलला शरमल्यासारखं झालं. काल आईने मालकांचं विचारलं, तेव्हा 'कतारला असतात, चांगली माणसं आहेत' म्हणून तिने विषय बदलला होता. नाव गिळलं होतं.

तिने आईला फोन लावला आणि नाव सांगितलं. पलीकडून नंदाबाई चाचरत म्हणाल्या, "दुसरी खोली नाय का गो मिळत?"

स्नेहलला आधीच्या दोन्ही मालकांचे गोड आवाज आठवले.

"मिळेल," ती म्हणाली. "पण मी इथेच राहणार." आणि फोन खांद्याशी धरून तिने सुतळीची गाठ सोडायला घेतली.