तिसऱ्या रांगेतले रिकामे हात

आई एक्स-रे विभागात कामाला. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" म्हणत फोटो काढायचे, आणि ड्यूटी सुटली की फोन काढून घरच्यांचे. लग्न असो की गाण्याचा कार्यक्रम, बाईंचा हात वर गेला की खाली यायचं नाव नाही. घरात तिला 'क्लिकबाई' म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे!

गेल्या वर्षी शाळेच्या नाटकात तिची लेक ठमी दुसऱ्याच वाक्याला अडकली आणि रडत आत पळाली. आईनं तेही टिपलं होतं. परवा तोच व्हिडिओ बघताना ती म्हणाली, "बघ ना, कशी थेट कॅमेऱ्यात बघतेयस!"

"कॅमेऱ्यात नाही गं. तुला शोधत होते," ठमी म्हणाली. "तुझ्या तोंडापुढे फोन होता."

आईनं व्हिडिओ तिथंच थांबवला. यंदा ठमी पुन्हा नाटकात होती, आणि आता अडकले तर परत कधी स्टेजवर पाय ठेवणार नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं होतं. बरं, फोन घरी ठेवावा, तर आजोबा! खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, आणि महिनाभर त्या नाटकाकडे डोळे लावून बसलेले.

मग आईनं डोकं चालवलं. फोटो काय ते मेकअपच्या खोलीत, दोनच. नंतर सभागृहात भिंतीच्या कडेला, कुणाच्या आड येणार नाही असा स्टँड लावला. फोन आडवा, चौकटीत अख्खं स्टेज. ऐन वेळी मामाचा फोन यायला नको म्हणून तो फ्लाइट मोडवर टाकला. फोकस लॉक केला, पडदा उघडायच्या आधीच रेकॉर्डिंग सुरू केलं, सेकंदाचे आकडे पुढे सरकताहेत हे दोनदा बघितलं आणि मुकाट्यानं तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

पण हात मेले स्वस्थ बसतील तर शपथ! ठमी स्टेजवर आली तसा उजवा हात सवयीनं पर्समध्ये गेलाच. आत रुमाल आणि किल्ल्या.

दुसऱ्या वाक्याला ठमी थांबली. तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आईनं हसून नुसती मान हलवली. ठमीनं वाक्य असं फेकलं, की सभागृह खदखदून हसलं, आणि सगळ्यात मोठ्यानं आई.

घरी आल्यावर आजोबांना व्हिडिओ दाखवला. बेताचाच होता. ठमी बोटाएवढी, कोपऱ्यात कुणाचं तरी अर्धं टक्कल.

"जवळून घेतला असता तर..." क्लिकबाई कुरकुरली.

आजोबा मन लावून बघत होते. "इथं अडकलीस होय गं?"

"छे! आई दिसतेय का ते बघत होते," ठमी म्हणाली. "दिसली."