चौदावी बाटली

हेब्बाळच्या ऑफिसात शालनने दूध संघाच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा दिवसांचं बिल बंद केलं, फाइल बँकेला पाठवली, आणि तासाभरात गावातलं संकलन केंद्र सांभाळणाऱ्या गुंडूअण्णांचा फोन आला. भागीरथीबाईंच्या दुधाला नेहमी साडेचार फॅट लागायचं. या वेळी चार दिवस साडेतीनच लागलं होतं आणि दरही त्याच प्रमाणात कमी पडला होता.

"पाणी घातलं म्हणतायत लोक," अण्णा म्हणाले.

शालनने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. केंद्रावर नमुन्याच्या बाटल्या रांगेप्रमाणे लागायच्या आणि फॅट मात्र यादीप्रमाणे भरलं जायचं. रांग रोज यादीसारखीच असल्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. भागीरथीबाईंचा नंबर चौदावा. पण गुडघा दुखला की लोक मायेने त्यांना सगळ्यांत पुढे घेत, आणि त्या दिवशी चौदा जणांचं फॅट भलत्याच नावावर चढे.

बंद झालेलं बिल आता उघडणार नव्हतं. फरक पुढच्या बिलात घालता आला असता, पण त्याला कोणत्या दिवशी रांग बदलली याची केंद्राची लेखी नोंद लागते. आकड्यांवरून चारही दिवस शालनला स्पष्ट दिसत होते. ऑफिसातले साहेब मात्र अंदाजावर सही करत नाहीत. नमुने तर त्याच दिवशी ओतून दिलेले.

"गुडघा कधी कधी दुखला, कुठे लिहिलंय का अण्णा?"

"गुडघ्याचं कोण लिहून ठेवतं, अक्का?"

मग फोनवर भागीरथीबाईच आल्या. "राहू दे गं बाई. उद्यापासून मी चौदावीच उभी राहते."