कंबर, केस, बांधा

आमच्या संग्रहालयाच्या कीटक विभागात माझं टेबल खिडकीपाशी आहे आणि माझं काम फोटो बघण्याचं आहे. लोक फोटो पाठवतात, खाली विचारतात, ही कोण? मी सांगतो. अकरा वर्षं सांगतोय. शेजारच्या टेबलावर डासांचा माणूस बसतो. त्याला आम्ही डासोबा म्हणतो आणि त्याचीही काही हरकत नाही.

लोकांना रंग दिसतो. पिवळं-काळं दिसलं की मधमाशी, असा सरसकट हिशोब. फोटो जवळून काढलेला असला की आणखी गंमत, कारण अंगठ्याएवढं काही असो की तांदळाएवढं, पडद्यावर सगळंच हत्तीएवढं दिसतं. मागे एका माळीबुवांनी ‘राक्षसी मधमाशी’ म्हणून फोटो पाठवला होता. ती हॉर्नेट होती, म्हणजे गांधीलमाशीच्याच घराण्यातली थोरली. आकारावरून मी ते सांगितलं नव्हतं, कारण फोटोत शेजारी मोजायला काहीच नव्हतं. डोळ्यांच्या मागे तिचं डोकं चांगलं रुंद, फुगीर होतं. साध्या गांधीलमाशीचं डोकं डोळ्यांपाशीच संपल्यासारखं दिसतं. दोघींचं पोट गुळगुळीत, पण थोरलीचं जाडजूड.

म्हणून माझा क्रम ठरलेला. आधी कंबर, मग केस, मग बांधा. गांधीलमाशीची कंबर दोरा बांधून आवळल्यासारखी बारीक. मधमाशीलाही कंबर असते, पण ती लपते. वरून पाहिलं तर छाती आणि पोट एकाच पिशवीत भरल्यासारखं वाटतं. मधमाशी केसाळ, गांधीलमाशी तुळतुळीत. मधमाशी भरलेल्या अंगाची, मागचे पाय चपटे आणि रुंद, कारण पराग त्यांवर वाहायचे असतात. गांधीलमाशीचे पाय काडीसारखे. रंग मी शेवटी पाहतो, तोही उपकार केल्यासारखा.

आणखी एक नियम होता. फोटोबरोबर आलेली हकीकत मी आधी वाचत नसे. माणसं हकीकतीत स्वतःचं मत मिसळतात आणि मग आपले डोळे त्यांच्या मताच्या मागे धावतात. या नियमाचा मला बराच अभिमान होता. दुसरा अभिमान असा, की आमच्या छापील उत्तरात खाली एक चौकोन असतो, ‘ओळख पटत नाही’, आणि त्यावर मी कधी खूण केली नव्हती. डासोबा म्हणायचा, “अरे, एकदा तरी कर. चौकोनाला वाईट वाटत असेल.”

बुधवारी दुपारी ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंचा फोटो आला. त्या इस्पितळातून अधूनमधून पाठवतात. कुणाला दंश होऊन श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो, माणूस जेमतेम वाचतो. मग पुढे त्याला त्याच विषाचे अगदी थोडे थोडे डोस टोचत जायचं, तीन ते पाच वर्षं, म्हणजे पुढच्या दंशाला शरीर तग धरतं. फक्त विष बरोबर निवडावं लागतं. रक्ताच्या तपासणीत पुष्कळदा मधमाशी आणि गांधीलमाशी दोन्हींना होकार येतो, आणि त्या होकारांतला खरा कुठला, ते कळत नाही. तेव्हा मेलेल्या किड्याचा फोटो कामाला येतो. मधमाशीच्या रुग्णाला गांधीलमाशीचं विष टोचत राहिलात, तर त्याला वाटतं आपल्याला संरक्षण आहे, आणि ते नसतं.

फोटो वरून काढलेला होता. पंखांनी कंबर झाकलेली. पाठ काळी आणि चकचकीत, एक केस नाही. पोटावर पट्टे. मागचे पाय चौकटीबाहेर, पोटाचं टोकही चौकटीबाहेर. त्या दिवशी चार वाजता विभागाची बैठक होती आणि मला तिथे एकदोघांना सुनावायचं होतं. कंबर दिसत नाही, ठीक. केस नाहीत. पट्टे आहेत. मी ‘गांधीलमाशी’ लिहिलं आणि पाठवून दिलं. दोन मिनिटंही लागली नसतील.

सोमवारी सकाळी एक बाई आल्या. पंचावन्नच्या आसपास, पायांत बूट, हातांवर उन्हाचे डाग. माझं पत्र त्यांनी चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं होतं. त्यांनी ते टेबलावर पसरलं.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. बसा ना, ताई.”

“ज्यांना चावली ते माझे मिस्टर. फोटो मी काढला होता.” त्या बसल्या नाहीत. “उद्या त्यांचं पहिलं इंजेक्शन आहे. गांधीलमाशीचं.”

मी म्हटलं, हो, डॉक्टरांनी तसंच ठरवलं असेल. मग त्यांनी फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. तोच फोटो होता, पण पुरा.

मागचे पाय दिसत होते. चपटे, रुंद, बाहेरून खोलगट. पोटाचं टोक फाटलेलं होतं, नांगी उपटून गेल्यावर फाटतं तसं. पंख पसरट होते. गांधीलमाशी पंख लांबीत दुमडून ठेवते, काठीसारखे. हे पसरट पंख मला बुधवारीही दिसत होते, कापलेल्या फोटोतसुद्धा. त्यांनी पुढचा फोटो दाखवला, बाजूने काढलेला. कंबर जिथे असायची तिथे होती, दाबून बसवलेली, आणि मानेच्या खालच्या बाजूला केसांची उरलेली झालर होती. मधमाशी होती. म्हातारी मधमाशी. आयुष्यभर फुलांत आणि पेटीच्या भोकातून जा-ये करून पाठीवरचे केस झडलेली.

मला लाज वाटली. त्याहून चांगला शब्द मला सापडत नाही. साधी म्हातारी मधमाशी मला ओळखू आली नाही, आणि रंगावर बोट ठेवून मी मोकळा झालो. नवशिक्यांना ज्या चुकीसाठी फाडून खातो, नेमकी तीच.

“फोटो कापला कुणी?” मी विचारलं.

“मी.”

डासोबाने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

“माझ्याकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत,” त्या म्हणाल्या. “बावीस. एकोणतीस वर्षं पाळतेय. मला मधमाशी कळत नाही असं तुम्हाला वाटलं का?”

“नाही.”

“काटा मीच नखाने काढला त्यांच्या मानेतून. गांधीलमाशी काटा सोडून जात नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहिती आहे. इस्पितळात विचारलं तेव्हा मी म्हटलं, काटा पाहिला नाही.”

त्या आता बसल्या.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, किडा ओळखता आला नाही तर दोन्ही विषांचं टोचायचं. दोन्ही. म्हणजे त्यांना काही होणार नाही. आणि घरी कुणी म्हणणार नाही, की तुझ्या माश्यांनी नवऱ्याला मारलंच असतं. मुलगी तर पहिल्या दिवसापासून पेट्या काढ म्हणतेय. मी म्हटलं, पाय कापते, शेपूट कापते, कंबर पंखाखाली आहेच. ते लोक म्हणतील, ओळख पटत नाही. कुणीही शहाणा माणूस तेच म्हणेल.”

शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तरी मला लागलं. माझ्या पत्राच्या खाली तो चौकोन कोरा होता आणि आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर पडला होता. मी त्यावर खूण केली असती, तर त्यांचं खोटं कुणालाही अपाय न करता खपून गेलं असतं. त्यांनी माझ्याकडून अडाणीपणाची अपेक्षा केली होती, आणि मी हुशारी केली.

“मला पत्र इस्पितळातून बुधवारी संध्याकाळीच आलं,” त्या म्हणाल्या. “सगळे खूश. मी धरून.”

“तुम्हीसुद्धा?”

“दोन दिवस. खोटं कशाला बोलू? वाटलं, तुम्ही मोठे जाणकार, तुम्हाला काहीतरी दिसलं असेल जे मला दिसलं नाही. एकोणतीस वर्षं पाळते आणि तरी मी तसं वाटून घेतलं.” त्यांनी पत्राची एक घडी पुन्हा घातली. “ते माणूस भोळं आहे. दवाखान्यातून आल्यावर पेट्यांच्या बाजूला फिरकत नव्हते. तुमचं पत्र वाचलं आणि म्हणाले, बघ, तुझ्या पोरींचा काही दोष नव्हता. शनिवारपासून पुन्हा तिथे जाऊन बसतात. पेट्यांपासून दहा पावलांवर. खुर्ची टाकून, पेपर वाचत.”

“आत्ता?”

“आत्ताही बसले असतील. आणीबाणीचं इंजेक्शन दिलंय त्यांना, ते घरात कपाटात.”

मी इस्पितळात फोन लावला. डॉक्टरीणबाई तपासणीत होत्या, त्यांच्या नर्सला सांगितलं की उद्याचा डोस थांबवा, माझं उत्तर चुकलंय, मधमाशी आहे, दुरुस्त पत्र दहा मिनिटांत पाठवतो. चुकलंय हा शब्द मी दोनदा म्हटला, कारण पहिल्यांदा नर्सला ऐकू आला नाही. मग पत्र लिहिलं. मागच्या पायांचा आकार, फाटलेलं पोट, पंखांची ठेवण, कंबर, सगळं क्रमाने. ‘केस झिजलेले’ असं वेगळ्या ओळीत. फोटो कापला होता हे लिहावं की नाही, यावर मी अडलो.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “त्यांना कुठूनतरी कळणारच.”

“मी लिहितो की फोटो अपुरा होता आणि मी तो पुरा मागायला हवा होता. ते खरं आहे. बाकीचं डॉक्टरांना तुम्ही सांगा.”

त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. तिथे पत्रासाठी उघडलेली त्यांची माशी होती, पडदाभर, टक्कल पडलेली.

“पेट्या जातील का?” त्यांनी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही, ताई. डॉक्टर म्हणतील लांब ठेवा. काही ठिकाणी घरच्यांना पूर्ण डोस झाल्यावर पेट्या ठेवतातही. पण तोवर वर्षं जातात, आणि माझा शब्द आता तुम्ही किती धरावा, ते तुम्हीच ठरवा.”

त्यांनी मान हलवली. मग पर्समधून पुन्हा फोन काढला आणि घरचा नंबर लावला. मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण त्यांनी हाताने थांबा म्हटलं, म्हणून थांबलो. डासोबाने डास टोचायची आपली सुई खाली ठेवली.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचा खालचा ओठ दाताखाली होता. एकदा त्यांनी फोन कानापासून काढून पाहिला, लागलाय की नाही, आणि पुन्हा कानाला लावला. मग कुणीतरी उचलला.

“कुठे आहात?” त्यांनी विचारलं, आणि ऐकलं. “पेपर राहू दे तिथेच. आधी उठा आणि घरात या. हळू या, हात हलवू नका. दार लावून घ्या.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दार लागल्याचा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “गांधीलमाशी नव्हती. माझीच होती. मला त्या दिवशीच कळलं होतं.”